पदकांची यादी म्हणजे रिझ्युमे नाही! खेळातून कोचिंग किंवा सेल्समध्ये येणाऱ्यांसाठी



रिझ्युमेवरच्या व्हिडिओनंतर बऱ्याच खेळाडूंनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. "सर, आठ-दहा वर्षं फक्त खेळलो. अनुभवाच्या रकान्यात काय लिहू?" बहुतेक जण तो रकाना कोरा सोडतात आणि खाली स्पर्धांची लांबलचक यादी देतात. कोचिंगची जागा असो की सेल्सची, यादी तीच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पदकाला रिझ्युमेत एक ओळ पुरे. त्या पदकाच्या आजूबाजूला तुम्ही जे काम केलं, त्याला पाच ओळी द्या. कारण समोरचा माणूस तुमचं पदक विकत घेत नाहीये. त्याला उद्या सकाळी दहा वाजता एक काम करून हवंय, आणि ते तुम्ही कराल का, एवढंच तो त्या कागदात शोधतोय.

हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतोय. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं खेळाच्या साहित्याचं दुकान आहे. शाळा, मंडळं आणि अकॅडम्यांना जर्सी, बूट, नी-कॅप, मॅट असा माल जातो. त्यामुळे नोकरीसाठी माझ्याकडे खेळाडूच जास्त येतात. त्यातलाच एक रिझ्युमे आज आपण उघडून बघू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

कागदावर काय होतं

मुलगी 27 वर्षांची, बी.ए. झालेली, कबड्डी खेळलेली, डावा कोपरा. 2014 ते 2022 असा आठ वर्षांचा खेळ. जिल्ह्याच्या संघातून चार वेळा राज्य अजिंक्यपद, एकदा विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि स्पर्धा थांबल्या. घरचे म्हणत होते, "आता कुठेही चिकट बाई, वय निघून चाललंय."

रिझ्युमे दोन पानांचा. पहिल्या पानावर ढाल हातात घेतलेला फोटो आणि इंटरनेटवरून उचललेला 'ऑब्जेक्टिव्ह'. खाली 23 स्पर्धांची यादी: गाव, वर्ष, क्रमांक. दुसऱ्या पानावर 'स्ट्रेंथ' म्हणून मेहनती, प्रामाणिक, नेतृत्वगुण, टीमवर्क. छंद: गाणी ऐकणे. 2022 नंतर काहीच नाही. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, ही दोन वर्षं घरी बसून होती.

तिने अर्ज केला होता सेल्सच्या जागेसाठी. काम सोपं आहे सांगायला: तीन तालुक्यांतल्या शाळांमध्ये फिरायचं, ऑर्डर आणायची, माल पोचवायचा, पैसे वसूल करायचे. त्या दोन पानांत या चार कामांपैकी एकाचाही पुरावा नव्हता. पण तिच्याकडे तो होता. फक्त कागदावर नव्हता.

तीन प्रश्न

मी तिला तीन प्रश्न विचारले. तुम्ही स्वतःला विचारा, किंवा मित्राला विचारायला सांगा. दुसऱ्याने विचारलं की जास्त निघतं.

पहिला प्रश्न: मॅटच्या बाहेर मंडळात तू काय काय करायचीस?

आधी म्हणाली, "काही खास नाही." मग हळूहळू निघालं. मंडळ दर जानेवारीत स्पर्धा भरवायचं. 2017 ते 2019 अशी तीन वर्षं बाजारातून सौजन्य गोळा करायचं काम हिच्याकडे होतं. सोबत दोघीजणी. शेवटच्या वर्षी 35 दुकानं फिरल्या, 14 जणांनी पैसे दिले, त्यातले 9 आदल्या वर्षीचेच. पहिल्या वर्षी 38 हजार जमले होते, तिसऱ्या वर्षी 62 हजार.

मी विचारलं, "ते 9 जण परत का आले?" म्हणाली, "स्पर्धा झाली की आम्ही प्रत्येकाच्या दुकानात जाऊन त्यांच्या बॅनरचा फोटो देऊन यायचो, आणि खर्चाचा कागद दाखवायचो."

आता बघा. 35 ठिकाणी जाणं, 21 नकार पचवणं, 14 ठिकाणी पैसे घेणं, नंतर परत जाऊन गिऱ्हाईक टिकवणं. ही सेल्सच आहे! तीही अवघड सेल्स, कारण हातात विकायला वस्तू नाही, फक्त बॅनरवरची जागा आहे. आणि हे तिच्या दोन पानांत एका शब्दानेही नव्हतं, कारण 'ते काय खेळणं थोडीच आहे!'

दुसरा प्रश्न: 2022 नंतर काय केलंस?

"काही नाही, संध्याकाळी मंडळातल्या पोरींना शिकवते." किती पोरी? सुरू केलं तेव्हा 11, आता 18. सगळ्या 16 वर्षांखालच्या. आठवड्यातले पाच दिवस, साडेपाच ते साडेसात. दोन वर्षांत त्यातल्या चौघी जिल्ह्याच्या संघात गेल्या. हजेरीची वही आहे. म्हणजे ती दोन वर्षं कोरी नाहीतच, तिथे कोचिंगचा अनुभव आहे. मानधन मिळालं नाही म्हणून तो अनुभव नाही, असं कुणी सांगितलं?

तिसरा प्रश्न: तुला खेळामुळे कोण कोण ओळखतं?

तीन तालुक्यांतल्या जवळपास वीस शाळांचे क्रीडाशिक्षक तिला नावाने ओळखत होते. कुठल्या शाळेत मुलींचा संघ नव्याने सुरू होतोय, कुणाकडे मॅट आहे, कुणाकडे अजून मातीचं मैदान आहे, हे तिला पाठ होतं. शाळेच्या स्पर्धा सुरू व्हायच्या आधी, जून-जुलैमध्ये खरेदी होते हेही तिला माहीत होतं. माझ्यासारख्या दुकानदाराला नव्या माणसाला हे शिकवायला वर्ष लागतं. तिच्याकडे ते आयतं होतं!

उपमा चालत नाही, प्रसंग लागतो

इथे एक चूक बरेच जण करतात, आणि ती करायला शिकवणारेही आहेत. "कबड्डीत 30 सेकंदांची चढाई असते, म्हणून मी झटपट निर्णय घेऊ शकते." "सात जणांसोबत खेळले, म्हणून टीमवर्क आहे." वाचायला छान वाटतं. पण ही उपमा झाली. कबड्डी खेळणाऱ्या प्रत्येकाला 30 सेकंदच मिळतात. मग ही ओळ तुमच्याबद्दल काय सांगते? काहीच नाही.

त्याऐवजी प्रसंग लिहा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असू द्या: काय काम होतं, किती होतं, आणि त्यातून काय झालं. 'नेतृत्वगुण' हा शब्द खोडा. तुम्ही कर्णधार असाल तर नुसतं 'कर्णधार' लिहूनही थांबू नका. बारा जणींचा संघ घेऊन परगावी गेलात, तेव्हा तिकिटं कुणी काढली? जेवणाचे पैसे कुणाकडे होते? एखादीला ताप आला तेव्हा कुणी निर्णय घेतला? हिशेब कुणी दिला? हे तुम्ही केलं असेल तर ती ओळ लिहा: '12 खेळाडूंच्या संघाचा चार स्पर्धांसाठी प्रवास, मुक्काम आणि खर्चाचा हिशेब सांभाळला.' कबड्डी काय असते हे माहीत नसलेल्या मॅनेजरलाही ही ओळ कळते.

ओळ चालेल की नाही हे कसं ओळखायचं? ती वाचून कुणी "कसं काय?" असं विचारलं, तर तुम्हाला दोन मिनिटं सलग बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर ओळ पोकळ आहे, काढून टाका.

आकडे आठवत नसतील तर? वही, व्हॉट्सॲपचे जुने मेसेज, मंडळाचा जमाखर्च, सामन्याचं गुणपत्रक, कुठेतरी नोंद असते. शोधा. नाहीच सापडली तर 'सुमारे' लिहा किंवा आकडा सोडून द्या. मनाने आकडा टाकू नका. तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. एक फोन लागतो आणि कळतं.

एक रिझ्युमे दोन जागांना चालत नाही

ही मुलगी माझ्याकडे सेल्ससाठी आली होती, पण तिचं मन कोचिंगमध्येही होतं. मग मी तिला दोन वेगळे कागद करायला लावले. माणूस तोच, माहिती तीच, फक्त क्रम आणि भर वेगळा. दोन्ही एकेका पानाचे.

सेल्सच्या कागदावर वर हे आलं:

- मंडळाच्या वार्षिक स्पर्धेसाठी प्रायोजक मिळवण्याचं काम, 2017 ते 2019. शेवटच्या वर्षी दोघी सहकाऱ्यांसह 35 व्यापाऱ्यांना भेटी, 14 प्रायोजक, 62 हजार रुपये जमा.
- त्या 14 पैकी 9 प्रायोजक आदल्या वर्षीचे. स्पर्धेनंतर प्रत्येकाला भेटून फोटो आणि हिशेब देण्याची पद्धत ठेवली.
- तीन तालुक्यांतल्या सुमारे 20 शाळांच्या क्रीडाशिक्षकांशी थेट ओळख. शाळांच्या खरेदीच्या वेळेची माहिती.
- दुचाकीचा परवाना आहे. तिन्ही तालुक्यांत फिरण्याची तयारी.
- कबड्डी: जिल्हा संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धेत चार वेळा सहभाग.

शेवटची ओळ बघा. 23 स्पर्धा एका ओळीत बसल्या. त्यातून वाचणाऱ्याला एवढं कळतं की ही मुलगी वर्षानुवर्षं रोज मैदानावर गेलीय. सेल्ससाठी तेवढं पुरतं.

कोचिंगच्या कागदावर क्रम उलटा झाला. तिथे खेळाची पातळी वर हवी, कारण मुख्याध्यापक किंवा अकॅडमीचा मालक आधी तेच बघतो. पण लगेच त्याखाली शिकवण्याचं काम:

- जून 2022 पासून 16 वर्षांखालील मुलींचं प्रशिक्षण, आठवड्यात पाच दिवस, रोज दोन तास. मुलींची संख्या 11 वरून 18.
- दोन वर्षांत चार मुलींची जिल्हा संघात निवड.
- विशेष भर: कोपरारक्षकाची जागा, अँकल होल्ड, साखळीतला ताळमेळ.
- प्रत्येक मुलीची हजेरी आणि दुखापतीची नोंद ठेवते.

इथे 'डावा कोपरा' लिहिणं महत्त्वाचं आहे. सेल्सच्या कागदावर त्याला अर्थ नाही, पण कोचला ते लगेच कळतं. अकॅडमीत चढाई शिकवणारा आधीच असेल, तर त्यांना पकड शिकवणारी हवी असते. नुसतं 'कबड्डीपटू' लिहिलंत तर ही संधी हातातून गेली.

आणि एक लक्षात ठेवा. चांगला खेळाडू म्हणजे चांगला कोच, हे मालक आता मानत नाहीत. तुम्हाला जे आपोआप जमतं, ते न जमणाऱ्या मुलाला टप्प्याटप्प्याने शिकवता येतं का, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून मुलाखतीला जाताना एका तासाच्या सरावाचा आराखडा हाताने लिहून न्या: वॉर्मअप किती मिनिटं, कौशल्य कोणतं, त्याचे टप्पे कोणते, शेवटी सामना किती वेळ. ते एक पान तुमच्या दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतं.

'नॅशनल प्लेयर' हा शब्द जपून

दुकानात येणारा दर तिसरा मुलगा स्वतःला 'नॅशनल प्लेयर' म्हणवतो. शालेय राष्ट्रीय स्पर्धा, राज्य संघटनेच्या संघातून खेळलेली राष्ट्रीय अजिंक्यपद, आंतरविद्यापीठ, आणि कुणीतरी हॉल भाड्याने घेऊन भरवलेली 'ऑल इंडिया' स्पर्धा, या चारही वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या प्रकारात प्रवेश फी भरली की प्रमाणपत्र मिळतं. ज्याला खेळ कळतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो: आयोजक कोण? आणि तिथे अडखळलात तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास उडतो.

म्हणून पातळी पूर्ण लिहा: स्पर्धा, आयोजक संस्था, वयोगट, वर्ष, आणि तुम्ही मॅटवर होतात की राखीव. राखीव होतात तरी लिहा, त्यात कमीपणा नाही. बारा जणांत निवड झाली हे खरं आहे, तेवढंच सांगा.

मूळ प्रमाणपत्रांची फाईल वेगळी ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी लागते. तो रस्ता वेगळा, त्याचे नियम वेगळे. तो अर्ज जरूर करा, पण त्या निकालाची वाट बघत हा कागद लिहायचं थांबवू नका.

खेळाने जे दिलं नाही, तेही बघा

खेळ तुम्हाला उधारी वसूल करायला शिकवत नाही. बिल, जीएसटी, स्टॉक, एक्सेल यातलं काही शिकवत नाही. कोचिंगकडे जाणार असाल तर शाळेतल्या नेमक्या जागेसाठी बी.पी.एड.ची अट आहे का ते आधी विचारा. अकॅडमीसाठी एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स किंवा वर्षाचा डिप्लोमा बघा, तुमच्या खेळाला कुठे प्रवेश मिळतो ते तपासा. प्रथमोपचाराचा एखादा छोटा कोर्सही करून घ्या, कारण पालक पहिल्यांदा तेच विचारतात.

नसलेली गोष्ट 'येते' म्हणून लिहू नका. 'शिकतेय' लिहा, आणि खरंच शिका. त्या मुलीने लिहिलं होतं: 'स्पर्धेच्या वर्गणीची नोंद एक्सेलमध्ये ठेवली. बिलिंग सॉफ्टवेअर शिकायला सुरुवात केली आहे.' मला ते पुरलं.

दुखापतीचं काय? रिझ्युमेत ऑपरेशनचा इतिहास लिहायची गरज नाही. '2022 पासून स्पर्धात्मक खेळ थांबवला, त्यानंतर प्रशिक्षण' एवढं पुरे. पण काम जड सामान उचलण्याचं असेल किंवा मॅटवर उतरून दाखवण्याचं असेल, तर मुलाखतीत स्वतःहून सांगा. माझ्याकडे मॅटचे तुकडे उचलावे लागतात. तिने आधीच सांगितलं, म्हणून ते काम दुसऱ्याकडे ठेवता आलं. लपवलं असतं तर पहिल्याच आठवड्यात अडचण झाली असती, तिची आणि माझीही.

दुकान टाकलेल्या किंवा टाकणाऱ्या मित्रांना

तुमच्याकडे असा रिझ्युमे आला तर दोन टोकं टाळा. एक, "खेळाडू आहे, फिट आहे, पळेल" म्हणून डोळे झाकून घेणं. दोन, "मॅच आली की सुट्टी मागेल" म्हणून कागद न वाचता बाजूला ठेवणं. दुसऱ्या शंकेचं उत्तर सरळ विचारून घ्या: वर्षात किती दिवस लागतील आणि कोणत्या महिन्यात? आणि वर दिलेले तीन प्रश्न तुम्हीच विचारा. कागद कच्चा असला म्हणजे माणूस कच्चा असतो असं नाही.

ती मुलगी आता आठवड्यातले चार दिवस माझ्यासाठी शाळा फिरते, आणि संध्याकाळी एका अकॅडमीत मुलींची बॅच घेते. दोन्ही ठिकाणी वेगवेगळा कागद गेला होता. पहिल्या हंगामात तिने आणलेल्या ऑर्डरी मोठ्या नव्हत्या. पण एकाही शाळेचं पेमेंट अडकलं नाही, कारण ज्यांच्याकडून पैसे यायचे, त्यांना ती आधीपासून ओळखत होती.

आजचा गृहपाठ. एक कोरा कागद घ्या. वर एका ओळीत तुमची सर्वात वरची पातळी लिहा, आयोजकासकट. खाली तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: मैदानाबाहेर काय केलं, खेळ थांबल्यावर काय केलं, खेळामुळे कोण ओळखतं. प्रत्येक उत्तरात निदान एक खरा आकडा असू द्या. मग ज्या दोन माणसांचं नाव संदर्भ म्हणून देणार आहात, त्यांना आधी फोन करून विचारा आणि हा कागद वाचून दाखवा. ते म्हणाले "हो, हे असंच होतं", की मगच टाईप करायला बसा.